पावडरीच्या दुधात कमी पडते ती साय

पावडरीच्या दुधाचा चहा पांचट लागला की आपण आणखी एक चमचा पावडर घालतो. पण बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते पाण्याचं माप. गाईचं १ लिटर दूध साधारण १०३० ग्रॅम भरतं आणि त्यात पाणी सोडून उरणारा घन भाग १२५ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून साय न काढलेल्या दुधाची पावडर १३० ग्रॅम आणि पाणी ९०० मिलिलिटर घ्यावं. १३० ग्रॅमला लिटरभर पाणी घातलं की दूध पातळ होणारच. डेअरी व्हाइटनरला हे माप चालत नाही, कारण त्यात बहुधा साखरही असते. पाकिटामागचे घटक वाचून घ्यावेत.

पावडर उकळत्या पाण्यात टाकू नये. तिचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो, आत पाणी शिरत नाही आणि गुठळ्या राहतात. थोड्या कोमट पाण्यात आधी गुळगुळीत पेस्ट करावी, मग उरलेलं पाणी हळूहळू घालावं. अर्धा तास ठेवलं तर पावडर नीट मुरते आणि खरखर जाते. चहात आलं असेल तर ते आधी पाण्यात चांगलं उकळावं. कच्च्या आल्यातला एक पाचक घटक दूध फाडतो, उकळल्यावर तो निष्क्रिय होतो.

चहाचं एवढ्यावर भागतं. बासुंदीचं मात्र भागत नाही, कारण तिला म्हशीच्या दुधाचा दाटपणा हवा असतो. पिशवीतल्या फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो. आपल्या पावडरीच्या दुधात तो सव्वातीनच्या आसपास येतो. मग पावडर दुप्पट करावी का? तसं केल्यास स्निग्धांश वाढेल, पण दुधातली साखर आणि प्रथिनंही जवळजवळ दुप्पट होतील. असं दूध बुडाला लगेच लागतं आणि नको तितकं गोड होतं. खरं पाहता प्रथिनं आणि साखर १३० ग्रॅम पावडरीतच पुरेशी आलेली असतात. कमी असते ती फक्त साय, सुमारे २८ ग्रॅम स्निग्धांशाइतकी.

तेवढीच ती भरून काढावी. २५ टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम ११० ग्रॅम घेतली की हिशेब जुळतो. लिटरभर दूध आटवून अर्धा लिटर करायचं असेल, तर १३० ग्रॅम पावडर, ११० ग्रॅम क्रीम आणि फक्त ३०० मिलिलिटर पाणी घ्यावं. आटवण्याचं काम आधीच झालेलं असतं. तरी मंद आचेवर, तळ ढवळत, वीसेक मिनिटं शिजवावं. बासुंदीची ती खमंग चव शिजण्यातूनच येते. क्रीमऐवजी तूप घातलं तर ते वर तरंगतं. आणि कडेच्या सायीच्या पापुद्र्यांची मात्र आशा धरू नये. पावडर करताना दुधातले स्निग्ध कण बारीक फोडलेले असतात, त्यामुळे जाड साय सहसा धरत नाही.