पगारातून कापला, पण मालकाचं काय?

मार्चचा शेवटचा आठवडा आला की कर सल्लागारांच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमच्या स्टाफचा पीटी दर महिन्याला कापतो, भरतोही. म्हणजे आमचं झालं." छापखानेवाले, वर्कशॉपवाले, क्लासवाले, दोन खुर्च्यांचं सलून चालवणारे, सगळे हे वाक्य त्याच खात्रीने म्हणतात. मात्र त्यात 'आमचं' म्हणजे कुणाचं, हे विचारलं की बोलणारा अडखळतो. कामगारांचं झालेलं असतं. मालकाचं नाही.

व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने आला. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणं हा त्यामागचा मूळ हेतू. नोकरदाराला तो पगारपत्रकावरच्या दोनशे रुपयांच्या ओळीमुळे माहीत असतो आणि गोंधळाचं मूळही तिथेच आहे. 'पीटी' म्हणजे पगारातली कपात, असं समीकरण डोक्यात इतकं पक्कं बसतं, की पगार न घेणाऱ्यालाही हा कर लागू असतो हे सुचतच नाही. वास्तविक कायद्याच्या नावातच व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या असे चार शब्द आहेत आणि त्यात नोकरी सर्वांत शेवटी येते.

म्हणूनच या कराची प्रमाणपत्रं दोन आहेत. पहिलं पीटीआरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र. ते मालकाने नोकर ठेवणारा म्हणून घ्यायचं आणि त्यावर कामगारांच्या पगारातून कापलेला कर सरकारजमा करायचा. दुसरं पीटीईसी, म्हणजे नावनोंदणी प्रमाणपत्र. ते त्याच माणसाने स्वतः धंदा करणारा म्हणून घ्यायचं आणि त्यावर स्वतःच्या खिशातून वर्षाला २,५०० रुपये भरायचे. पहिल्याचं विवरणपत्र असतं, दुसऱ्याचं नसतं; तिथे नुसतं चलन भरायचं. आपल्याकडे नेमकं कोणतं आहे हे कळायला सल्लागाराकडे जाण्याचीही गरज नाही. कागदावरचा क्रमांक २७ने सुरू होत असेल तर ते पीटीआरसी, ९९ने सुरू होत असेल तर पीटीईसी. फाइलमध्ये फक्त २७चा कागद सापडला, तर 'आमचं झालं' हे वाक्य तूर्त मागे घ्यावं.

यावर पुढचा युक्तिवाद ठरलेला असतो : "पण आम्ही भागीदारसुद्धा फर्ममधून पगार घेतो. त्यावर पीटी कापतोच की." अगदी शिकलेले लोकही हे सांगतात तेव्हा हात कपाळावर जातो. भागीदाराला फर्मकडून मिळणारा मोबदला आयकर कायद्यातही 'पगार' धरला जात नाही, तो धंद्याचं उत्पन्न असतो. भागीदार हा फर्मचा नोकर नव्हेच. व्यवसाय कराच्या अनुसूचीत 'फर्मचा प्रत्येक भागीदार' अशी स्वतंत्र नोंद आहे आणि प्रत्येकाने आपापलं पीटीईसी घ्यायचं आहे. भागीदारांची नावं कामगारांच्या यादीत घुसवून वर्षानुवर्षं पीटीआरसीवर पैसे भरणाऱ्या फर्म आहेत. पैसे गेले ते गेलेच, आणि ९९च्या खात्यावर थकबाकी तशीच उभी राहिली.

एक छापखाना डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पित असलं तरी आकडे नेहमीचे आहेत. दोन भाऊ भागीदार आहेत. यंत्रावर दोन पुरुष कामगार आहेत, एकाला २४,००० आणि दुसऱ्याला १६,००० रुपये पगार. कॉलेजात शिकणारा एक मुलगा अर्धा दिवस डिलिव्हरीचं काम करतो, त्याला ९,०००. डिझाइन करणाऱ्या ताईंना २३,०००, कार्यालय सांभाळणाऱ्या बाईंना २८,०००. शिवाय ६७ वर्षांचे एक हिशेबनीस आहेत, त्यांना १५,०००.

पुरुषांसाठी महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. त्यापुढे १०,०००पर्यंत दरमहा १७५ आणि १०,०००च्या वर दरमहा २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. म्हणजे यंत्रावरच्या दोघांचे वर्षाला प्रत्येकी २,५००, डिलिव्हरीवाल्या मुलाचे २,१००. महिलांना १ एप्रिल २०२३पासून महिना २५,०००पर्यंत माफी आहे. त्यामुळे डिझाइनवाल्या ताईंचा कर शून्य आणि कार्यालयातल्या बाईंचे २,५००. हिशेबनीसांचं वय ६५च्या पुढे, त्यामुळे कायद्याच्या कलम २७-अ नुसार त्यांना पूर्ण सूट. एकूण झाले ९,६०० रुपये. हे पीटीआरसीवर जातात आणि कामगारांच्या पगारातून येतात. त्याशिवाय दोन भावांचे प्रत्येकी २,५००, असे ५,००० रुपये दोन वेगवेगळ्या पीटीईसीवर. फर्मला स्वतःच्या नावाने वेगळं पीटीईसी लागत नाही. याच भावांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असती, तर कंपनीचे वेगळे २,५०० लागले असते. पगार न घेणाऱ्या संचालकांना स्वतःचं पीटीईसीही घ्यावं लागलं असतं. पगार घेणाऱ्या संचालकाचा कर मात्र पगारातूनच कापला जातो आणि त्याला नावनोंदणीची सक्ती नाही. कलम ५ तसं स्पष्ट सांगतं.

आता भरण्याचं वेळापत्रक. पीटीईसी सोपं आहे, दरवर्षी ३० जूनपर्यंत. पीटीआरसीवर मागच्या वर्षी एक लाखापेक्षा कमी कर झाला असेल तर वर्षाला एकच विवरणपत्र भरायचं. त्यात मार्च ते फेब्रुवारीचे पगार येतात आणि मुदत मार्चमध्येच संपते. प्रत्येकी २,५०० धरले तर ३९ कामगारांपर्यंत हीच सोय राहते. चाळिसावा आला की लाख पूर्ण होतात आणि पुढच्या वर्षी दरमहा विवरणपत्र.

नवखे फसतात ते इथेच. नोंदणीच्या पहिल्या आर्थिक वर्षात कर कितीही थोडा असो, विवरणपत्र दरमहाच भरायचं असतं. ऑगस्टमध्ये नोंदणी केलेला दुकानदार 'आपलं वार्षिक' म्हणून मार्चपर्यंत निवांत बसतो आणि मार्चमध्ये पोर्टल उघडतो तेव्हा एकेका महिन्याची थकबाकी रांगेत उभी असते. विलंब शुल्क विवरणपत्रागणिक १,००० रुपये, तीस दिवसांच्या आत भरलं तर २००. भरायचा कर हजारभर आणि विलंब शुल्क त्याच्या कितीतरी पट, अशी प्रकरणं यातूनच तयार होतात. गंमत म्हणजे अनेक नव्या कंपन्यांना आपली नोंदणी झाली आहे हेच माहीत नसतं. महाराष्ट्रात कंपनी स्थापनेच्या ऑनलाइन अर्जासोबतच व्यवसाय कराचा क्रमांकही मिळतो. तो ईमेलमध्ये पडून राहतो आणि तारखा उलटत जातात.

पीटीईसी घेतलंच नाही तर? खातं मागे जाऊन जास्तीत जास्त चार वर्षांचा कर मागू शकतं. म्हणजे छापखान्यातल्या प्रत्येक भावाचे १०,०००. त्यावर व्याज, जे महिन्याला सव्वा टक्क्यापासून सुरू होऊन दोन टक्क्यांपर्यंत चढतं, आणि वर दंड. 'कोणाला कळतंय' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की महाराष्ट्रात राज्याचा जीएसटी आणि व्यवसाय कर एकच खातं पाहतं. जीएसटी क्रमांक आहे पण पीटीईसी नाही, अशांची यादी काढायला खात्याला गुप्तहेर लागत नाहीत.

जीएसटीचा विषय निघाला की दुसरा गैरसमज येतो : जीएसटी आला आणि बाकीचे कर गेले. बरेच गेले, हा नाही गेला. व्यवसाय कराचा अधिकार राज्यांना घटनेच्या अनुच्छेद २७६ने दिला आहे. 'आम्ही आयकर भरतो, मग उत्पन्नावर पुन्हा कर कसा?' या प्रश्नाचं उत्तरही त्याच अनुच्छेदात आहे. हा कर उत्पन्नाशी निगडित आहे एवढ्या कारणावरून तो अवैध ठरत नाही, असं तिथे थेट लिहिलं आहे. २,५०० रुपयांची कमाल मर्यादाही तिथलीच. ती पूर्वी २५० होती, १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने वाढली आणि तेव्हापासून तशीच आहे. त्यामुळे 'सरकार मनात येईल तेव्हा वाढवतं' ही तक्रार इथे लागू पडत नाही. खरी तक्रार करायचीच तर ती वेगळी आहे : महिना १०,००१ रुपये कमावणारा पुरुष कामगार आणि महिना पाच लाख घेणारा साहेब, दोघेही वर्षाला तेवढेच २,५०० भरतात. महिलांची मर्यादा २५,०००वर नेताना पुरुषांच्या आकड्याला कुणी हात लावला नाही.

फेब्रुवारीचे जादा शंभर हा दंड नाही आणि पगार विभागाची चूकही नाही. अकरा महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० शेवटच्या महिन्यात घेऊन २,५०० पुरे करतात.

हातात पडणाऱ्या पगारावर कर ठरत नाही, एकूण पगारावर ठरतो. पीएफ कापून २४,००० हाती येणाऱ्या बाईंचा एकूण पगार २६,००० असेल, तर कर लागणारच. उलट दिवाळीचा बोनस पगारात मोजत नाहीत; कायद्यातल्या व्याख्येनेच तो वगळला आहे. बोनसच्या महिन्यात एखादीचा आकडा २५,००० ओलांडला म्हणून २०० कापले असतील, तर ते चूक. महिलांनी आपल्या पगारपत्रकावर एकदा नजर टाकावीच, कारण काही ठिकाणी सॉफ्टवेअरमध्ये २०२३च्या आधीची १०,०००ची मर्यादा बदलायची राहून गेलेली असते.

'कामगाराने कापू दिला नाही, मी काय करू?' हा बचाव चालत नाही. कलम ४ सांगतं, की कपात केली असो वा नसो, कर भरण्याची जबाबदारी मालकाची. भरलेल्या व्यवसाय कराची आयकरात वजावट नोकरदाराला फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. धंदा तोट्यात गेला म्हणून पीटीईसी माफ होत नाही; त्याचा नफ्याशी संबंधच नाही.

आणि दुकानाचं शटर कायमचं खाली ओढलं म्हणजे क्रमांक आपोआप मिटत नाहीत. प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज पोर्टलवर वेगळा करावा लागतो, दोन्हींसाठी दोन. तोपर्यंत कामगार नसले तरी पीटीआरसीवर शून्याचं विवरणपत्र भरायचं राहतं आणि दर ३० जूनला पीटीईसीचे २,५०० मालकाच्या नावे चढत राहतात.