बातमी की जाहिरात?

‘ताई, ही तर जाहिरात आहे. जाहिरात विभागात द्या, ते दर सांगतील.’ गोंदियातल्या एका दैनिकाच्या वार्ताहराने आमचा कागद परत केला तेव्हा मला रागच आला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या शेतकरी महिलांच्या उत्पादक कंपनीने छोटी धानगिरणी सुरू केली, ही बातमी नाही तर काय?

घरी येऊन कागद पुन्हा वाचला. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते भव्य उद्घाटन’, मग सात नावं, मग ‘उत्कृष्ट दर्जा, माफक दर, एकदा अवश्य भेट द्या’. गिरणी कोणत्या गावात आहे, ते शेवटून दुसऱ्या ओळीत! मी पेन्सिल घेतली आणि विशेषणं खोडली. खाली उरलं फारच थोडं.

मग बायकांनाच विचारलं, ‘गिरणीनं तुमचं काय बदललं?’ एक जण म्हणाली, ‘पहिले धान घेऊन चौदा किलोमीटर जावं लागे. मजुरीचा अख्खा दिवस बुडे.’ बातमी इथं होती! नवा मजकूर तिथूनच सुरू केला. पहिल्या वाक्यात गावाचं नाव आणि वाचलेली चौदा किलोमीटरची खेप. दुसऱ्यात गिरणी कोणाची, कधीपासून सुरू. पुढे भरडाईचा दर आणि क्विंटलभर धानातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो, हा आकडा. ‘उत्कृष्ट’ कोणी तपासू शकत नाही, ६५ किलो वजनकाट्यावर तपासता येतात. तिचं वाक्य तिच्याच बोलीत, तिला विचारून, नावासह घातलं. उद्घाटनाची नावं शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर ती कापली जावीत.

फोटोही बदलला. फीत कापण्याऐवजी गिरणीत धान ओतणाऱ्या दोघी, खाली डावीकडून नावं. मजकूर साधा टाइप करून पाठवला, कागदाचा फोटो काढून नाही, कारण तो त्यांना पुन्हा टाइप करावा लागतो. पानं लागायच्या घाईत संध्याकाळी नको, म्हणून सकाळीच पाठवला. सोबत माहिती देणारीचा फोन नंबर दिला.

दुपारी वार्ताहराचा फोन आला. ‘पैसा कुठून आला? वीज गेली तर?’ पोटात गोळा आला, पण खरं सांगितलं : कर्ज आहे, हप्ते चालू आहेत, आणि वीज गेली की गिरणी बंद.

बातमी आली. कर्ज आणि वीज, दोन्ही त्यात होतं, आणि सात मान्यवर गायब. अध्यक्षबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ‘छापायच्या आधी दाखवायला सांगायचं ना!’ पण मैत्रिणींनो, तो हक्क जाहिरातीचे पैसे मोजल्यावर मिळतो. दर आणि फोन नंबर आपल्या शब्दांत, ठरल्या दिवशी हवे असतील, तर सरळ जाहिरातच द्यावी. बातमीत शब्द त्यांचे असतात, म्हणून तर लोक विश्वास ठेवतात.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावची एक बाई दोन पोती धान घेऊन आली. आल्या आल्या तिनं विचारलं, ‘वीज आहे ना आज?’