घरभरणीचं बजेट: पानं किती आणि उंबरे किती?

आजच्या भागाचं लेखी रूप इथे देतोय. विषय आहे घरभरणी, म्हणजेच वास्तुशांत. सातारा-सांगली भागात नवं घर उभं राहतं तेव्हा खिसा आधीच रिकामा झालेला असतो. कर्जाचा हप्ता सुरू, फर्निचरवाल्याचं बिल बाकी, आणि त्यात पाहुणे बोलवायचे. म्हणून हिशेब आधी कागदावर पाहिजे.

या कार्यात दोन वेगळे आकडे असतात. जेवण 'पानावर' चालतं, म्हणजे माणशी. परतीची भेट 'उंबऱ्यावर' चालते, म्हणजे घरटी. हे दोन्ही एकच धरले, की बजेट बिघडलंच समजा.

समजा सांगलीत घर आहे आणि पाहुणे साताऱ्याकडचे आहेत. 45 घरं, 150 पानं. खालचे दर उदाहरणापुरते आहेत, तुम्ही तुमच्या गावातले विचारून घाला.

पहिला खर्च गुरुजींचा. पाहुणे 50 असोत की 500, हा बदलत नाही. दक्षिणा 7,500 आणि साहित्य 4,500, एकूण 12,000 धरू. फोनवरच विचारा: साहित्य कोण आणणार? सोबत किती गुरुजी येणार आणि त्यांची दक्षिणा यातच आहे का? वास्तुप्रतिमा चांदीची की तांब्याची? आणि एक गोष्ट गवंड्याला आधीच सांगा. वास्तुप्रतिमा बहुतेक ठिकाणी आग्नेय कोपऱ्यात पुरतात. तिथली जागा मोकळी ठेवली नसेल तर नवी फरशी फोडावी लागते. होमाखालीही विटा आणि वाळूचा थर हवा, नाहीतर उष्णतेनं फरशी तडकते.

दुसरा खर्च जेवणाचा. पुरी-भाजी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा असा बेत, पानाला 200 रुपये. 150 पानांचे 30,000. केटरर असेल तर 'कमीत कमी किती पानांचे पैसे घेणार' हे ठरवून घ्या. 150 सांगितले आणि 120 आले, तरी बिल 150 चं येऊ शकतं. आचारी लावला तर पानामागे स्वस्त वाटतं. पण किराणा, भांड्यांचं भाडं, वाढपी आणि व्यावसायिक सिलेंडर तुमच्याकडे येतो. घरगुती सिलेंडर अशा कामाला वापरता येत नाही.

तिसरा खर्च मंडप, खुर्च्या आणि झेंडूची तोरणं: 9,000. खुर्च्या 150 लागत नाहीत. लोक पंगतीपंगतीनं येतात, 80 पुरतात.

चौथा खर्च भेटीचा. 45 उंबरे, प्रत्येकी 120 रुपयांप्रमाणे 5,400. साताऱ्याचे कंदी पेढे किंवा सांगलीची हळद दिली तर घरात वापरलीही जाते. भेटी दारात मांडून ठेवू नका, माणशी उचलल्या जातात. घरातली एखादी बाई ओटी भरताना हातात देईल असं बघा. जवळच्या भावकीचा आहेर मात्र वेगळा लिहा: साडी आणि टॉवेल-टोपी, 8 जोड्या, प्रत्येकी 900, म्हणजे 7,200.

बेरीज झाली 63,600. वर 6,400 अडीअडचणीला ठेवले, की 70,000.

आता खरी गडबड कुठे होते? आमंत्रणात. आपल्याकडे आवतण दोन प्रकारचं असतं: 'घरटी एक' किंवा 'चूलबंद'. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही, सगळे जेवायला येतात. आईनं गल्लीत चूलबंद सांगितलं आणि तुम्ही यादीत घरटी एक धरलंत, तर तिथेच फरक पडला. व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकली की घोळ आणखी वाढतो, कारण त्यात कुणाला कसं बोलावलंय ते कळत नाही. आपल्या उदाहरणात 12 घरं आणि 40 पानं वाढली, तर जेवणाचे 8,000 आणि भेटींचे 1,440, मिळून 9,440 जादा. राखून ठेवलेले 6,400 जाऊन वर 3,040 ची खोट.

म्हणून यादीत तीन रकाने करा: घराचं नाव, आवतण कोणतं, पानं किती. ही यादी आई, आत्या, काका, जे जे आवतण देणार त्या सगळ्यांच्या फोनमध्ये एकच असू द्या. कार्याच्या चार दिवस आधी पुन्हा मोजा आणि केटररला शेवटचा आकडा द्या.

पैसे कमी पडत असतील तर कात्री कुठे लावायची? गुरुजींच्या दक्षिणेत घासाघीस करून हजार-पाचशे वाचतील. गल्लीला चूलबंदऐवजी घरटी एक सांगितलं आणि 30 पानं कमी झाली, तर 6,000 वाचतात. फक्त हे आवतण द्यायच्या आधी ठरवा. दिलेलं चूलबंद मागे घेता येत नाही.

भेटू पुढच्या भागात!