गर्दीआधीची माणसं

दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम वीस दिवस. साड्यांच्या दुकानाचा मालक तेवढ्यासाठी आठ हंगामी माणसं घेतो आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना पूर्णवेळ उभं करतो. अठरा दिवस, रोज आठ तास म्हणजे ११५२ तासांची मजुरी. त्यातले पहिल्या आठवड्यातले बरेच तास गप्पांत जातात.

त्यापेक्षा हे बघा. आठवड्याची सुट्टी सोडून सहा दिवस धरले, तर पहिल्या आठवड्यात तिघं, पाच-पाच तास: ९० तास. दुसऱ्यात पाच जण, सहा-सहा तास: १८०. शेवटी आठही जण, आठ-आठ तास: ३८४. एकूण ६५४.

पहिल्या तिघांना मात्र दुपारी बोलवावं, गिऱ्हाईक कमी असताना. पैठणी कुठल्या कपाटात, घडी कशी घालायची, हे तेव्हाच शिकता येतं. संध्याकाळी सातला कोण शिकवणार? शेवटच्या आठवड्यात निम्मे अकराला, निम्मे एकला येतात, म्हणजे संध्याकाळी सगळे गादीवर.

गणित चुकलं की गादीवर कळतं. उलगडलेल्या साड्यांचा ढीग रात्रीपर्यंत उतरत नसेल, तर माणूस कमी आहे. अशा वेळी कायम नोकरांना थांबवून घेतलं जातं, पण जादा तासांची मजुरी कायद्याने दुप्पट असते.