मांडवात बोललेले आणि कागदावर उतरलेले

संपादक महोदय,


आमच्या भागातील दगडखाणींसाठी झालेल्या पर्यावरणविषयक जनसुनावणीची बातमी आपल्या दैनिकात आली होती. ‘ग्रामस्थांचा तीव्र विरोध’ असा मथळा होता आणि तो खराच होता. त्या सुनावणीला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होतो. आता सुनावणीचे इतिवृत्त आणि त्याला जोडलेला प्रश्नोत्तरांचा तक्ता ग्रामपंचायतीत लागला आहे. दोन्ही मी सावकाश वाचले. मांडवात जे बोलले गेले आणि कागदावर जे उतरले, त्यांत जे अंतर पडले आहे ते आपल्या वाचकांपुढे यावे, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सुनावणीत हात वर करून मतदान होत नाही आणि ‘खाण रद्द’ असा निकालही लागत नाही. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात. हे प्रतिनिधी अपर जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या दर्जाचे चालत नाहीत. पण प्रकल्पाला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार त्यांना नसतो. त्यांनी ऐकायचे, नोंदवून घ्यायचे आणि पुढे पाठवायचे. निर्णय घेणारे वेगळेच असतात. आमच्यासारख्या प्रकल्पात राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समिती कागदपत्रे तपासून शिफारस करते आणि राज्याचे प्राधिकरण मंजुरी देते किंवा नाकारते. समितीचे सदस्य मांडवात नसतात. त्यामुळे गावाने काय सांगितले, हे त्यांना मुख्यतः इतिवृत्तातूनच समजते. जे इतिवृत्तात नाही, ते त्यांच्या लेखी बोललेच गेले नाही.

ही सगळी पद्धत 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेत घालून दिलेली आहे. एकेकट्या छोट्या खाणीला सुनावणी लागत नाही. मात्र दोन खाणपट्ट्यांच्या हद्दींमध्ये 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल, तर ते एका समूहात मोजले जातात. असा समूह पाच हेक्टरच्या पुढे गेला की पर्यावरण आघात मूल्यांकन अहवाल आणि जनसुनावणी दोन्ही आवश्यक होतात. आमच्या डोंगरावर तसेच झाले आहे.

सुनावणीत लोक धुळीबद्दल बोलले, शाळेजवळून जाणाऱ्या डंपरबद्दल बोलले, सुरुंगाने भिंतींना गेलेल्या तड्यांबद्दल बोलले. हे सगळे तक्त्यात आले आहे. धुळीपुढे उत्तर आहे, ‘रस्त्यावर नियमित पाणी मारण्यात येईल.’ डंपरपुढे आहे, ‘वेगमर्यादा पाळण्यात येईल.’ दिवसातून किती वेळा, कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती खर्चाने, यातले एकही अक्षर नाही. ज्या उत्तरात आकडा, मुदत आणि जबाबदार माणूस नाही, ते पाळले की मोडले हे उद्या कोणालाच सिद्ध करता येणार नाही. समितीने यावर बोट ठेवावे, एवढीच अपेक्षा.

खरा घोळ पाण्याच्या मुद्द्यात आहे. तो थोडा खोलात जाऊन सांगतो.

खालच्या वाडीतल्या एक बाई माइकजवळ आल्या. आवाज चढवला नाही, कोणाला दोष दिला नाही. त्या म्हणाल्या, “आमची विहीर वाडीत आहे, पण तिचं पाणी वरून येतं. डोंगराच्या कडेला तांबडा पट्टा दिसतो ना, त्याच्या अंगावरून झरा निघतो. विहीर आटली तरी झरा चालू असतो. उन्हाळ्यात आम्ही तिथनंच भरतो. तुम्ही वर खणलं तर तो राहील का, तेवढं सांगा.” सबंध दिवसात इतका नेमका प्रश्न दुसरा कोणी विचारला नाही.

इतिवृत्तात या प्रश्नाचे एक वाक्य झाले आहे: ‘पाण्याच्या स्रोतांवर परिणाम होण्याची भीती व्यक्त करण्यात आली.’ झरा गेला, तांबडा पट्टा गेला, वाडीचे नावही गेले. त्यापुढे प्रकल्पधारकाचे उत्तर आहे, ‘खाणकाम भूजल पातळीला छेदणार नाही, त्यामुळे परिणाम संभवत नाही.’

हे उत्तर तपासायला तज्ज्ञ लागत नाही. अहवालातला उंचीच्या समोच्च रेषांचा नकाशा पुरतो. अडचण इतकीच की अहवालात खाणीची खोली डोंगरावरच्या जमिनीपासून मोजली आहे आणि विहिरीतल्या पाण्याची खोली विहिरीच्या काठापासून. दोन मोजपट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे. ते एका जागी आणले की चित्र स्पष्ट होते. खाणीची जागा वाडीतल्या विहिरीच्या काठापेक्षा साधारण 40 मीटर उंच आहे. खाण 30 मीटरपर्यंत खोल जाणार आहे. म्हणजे खाणीचा तळ विहिरीच्या काठाच्याही 10 मीटर वर राहील. विहिरीपुरते कंपनीचे म्हणणे बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे.

पण बाईंनी विहिरीचे विचारलेच नव्हते, झऱ्याचे विचारले होते. झरा डोंगराच्या उतारावर आहे, विहिरीच्या काठापासून सुमारे 20 मीटर वर. याचा अर्थ खाणीचा तळ झऱ्याच्या 10 मीटर खाली जाणार. अहवालातल्या जलस्रोतांच्या यादीत विहिरी आहेत, कूपनलिका आहेत, पण हा झरा नाही. जो स्रोत यादीतच नाही, त्यावर परिणाम ‘संभवत नाही’ असे लिहिणे सोपे असते.

तांबड्या पट्ट्याची गोष्टही बाईंनी उगाच सांगितलेली नव्हती. आपला दख्खनचा डोंगर लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा आहे. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी भाजलेल्या विटेसारखा तांबडा, मातकट थर असतो. पावसाचे पाणी वरच्या काळ्या पाषाणातल्या सांध्या-भेगांतून खाली झिरपते. हा थर ते सहजासहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी त्याच्यावरून आडवे सरकते आणि थर जिथे उतारावर उघडा पडतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. म्हणजे झऱ्याची साठवण त्याच्या मागच्या आणि वरच्या खडकात असते. नेमका तोच खडक फोडून न्यायचा आहे. खाणीचा खड्डा त्या थराच्याही खाली गेला, की पाण्याला झऱ्याकडे जाण्यापेक्षा खड्ड्यात उतरणे सोपे पडेल. सगळे पाणी तिकडे वळेल की थोडे, हे भेगा कुठल्या दिशेने गेल्या आहेत यावर ठरते. ते पाहिल्याशिवाय कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी नाही आणि अहवाल लिहिणारे सल्लागारही नाहीत.

अशा अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामातली, तीन महिन्यांची निरीक्षणे चालतात. पण झऱ्याचा स्वभाव तीन महिन्यांत कळत नाही. दिवाळीनंतर त्याला किती पाणी आहे आणि मे महिन्यात किती उरते, हे दोन्ही लागते. मोजायला यंत्रही नको. माहीत असलेल्या मापाची बादली झऱ्याखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते दर पंधरवड्याला लिहून ठेवले, तरी विश्वासार्ह नोंद तयार होते.

मग इतिवृत्तात झरा आला का नाही? मी कोणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. दिवसभर दहा जणांचे बोलणे एक माणूस उतरवून घेत असेल, तर बारकावे गळतात. म्हणूनच तर नियमात दुरुस्तीची जागा ठेवली आहे. सुनावणीच्या शेवटी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने नोंदवलेला सारांश तिथल्या तिथे, स्थानिक भाषेत समजावून, सर्वांना वाचून दाखवायचा असतो. लोकांनी मान्य केलेल्या इतिवृत्तावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची असते. आमच्याकडे सारांश वाचला गेला तेव्हा मांडव जवळजवळ रिकामा होता. दूध घालायची वेळ झाली होती, शेवटची एसटी गाठायची होती. बाईही निघून गेल्या होत्या. ‘झऱ्याचा उल्लेख घाला’ असे म्हणायला कोणी उरले नाही.

तरी एक पुरावा शिल्लक आहे. सुनावणीचे चित्रीकरण करणे बंधनकारक आहे आणि त्याची प्रत इतिवृत्तासोबत पाठवावी लागते. ही केवळ औपचारिकता नाही. छत्तीसगडमधील रायगड जिल्ह्यातल्या गारे येथील कोळसा खाणीच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सुनावणीचे चित्रीकरण स्वतः पाहिले. जानेवारी 2008 मध्ये झालेली ती सुनावणी नियमाप्रमाणे झालीच नाही, असे ठरवून एप्रिल 2012 मध्ये न्यायाधिकरणाने पर्यावरण मंजुरी रद्द केली.

दुसरा आधार आपल्या शेजारचा, गोव्यातला आहे. तिथल्या लोहखनिजाच्या एका खाणीविरुद्ध उत्कर्ष मंडळ ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. 26 नोव्हेंबर 2009 च्या निकालात न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अहवालाचा सारांश सुनावणीच्या किमान 30 दिवस आधी लोकांना मिळाला पाहिजे. आणि सुनावणीत आलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने स्वतः विचार करून, त्या का मानल्या किंवा का फेटाळल्या याची कारणे नोंदवली पाहिजेत. प्रकल्पधारकाचे उत्तर तक्त्यात आले म्हणजे हरकत निकालात निघाली, असे होत नाही.

अजून वेळ गेलेली नाही. इतिवृत्तावर काही म्हणायचे असेल तर ते थेट मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाला आणि प्रकल्पधारकाला लिहून कळवता येते. आम्ही तसे लिहिले आहे. बाईंचे बोलणे चित्रीकरणात ज्या ठिकाणी आहे ते ऐकून इतिवृत्तात शब्दशः घ्यावे, झरा जलस्रोतांच्या यादीत दाखवून त्याची दोन हंगामांची मोजणी करावी, आणि ती होईपर्यंत खाणीचा तळ झऱ्याच्या पातळीच्या वरच राहील अशी अट घालावी, अशा तीन मागण्या केल्या आहेत. सोबत समोच्च रेषांच्या नकाशाची प्रत जोडली आहे. त्यावर विहीर, झरा आणि खाणीचा नियोजित तळ या तिन्हींच्या उंची एकाच शून्यापासून लिहिल्या आहेत.

आपल्याकडे एक विनंती आहे. सुनावणीच्या सूचनेची जाहिरात नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात येते आणि सुनावणीच्या दिवशी आपले वार्ताहरही येतात. इतिवृत्त ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर लागते, त्या दिवशी मात्र कोठेही बातमी येत नाही. ती दोन ओळींची असली तरी चालेल. इतिवृत्त कोठे लागले आहे आणि त्यावरचे म्हणणे कोणत्या पत्त्यावर पाठवायचे, एवढे छापून आले, तर समितीची बैठक होण्याआधी वाडीतली माणसे आपले बोलणे कागदावर नीट उतरले आहे का ते पाहून घेतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक