काढणी कळते, अंमलबजावणी अडते

आखाडा बाळापूरच्या आसपास हळद पिकते. समजा, इथला एखादा विद्यार्थी हळदीवर प्रकल्प लिहितोय. त्याच्या हातून असं वाक्य सहज उतरतं: ‘काढणीपश्चात प्रक्रियेच्या अंमलबजावणीतील विलंबामुळे हळदीच्या दर्जामध्ये घट झाल्याचे निदर्शनास आले.’ घरी मात्र तोच म्हणेल, ‘हळद वेळेवर शिजवली नाही, म्हणून दर्जा उतरला.’

गैरसमज: क्रियापदाचं नाम करणं हे पंडितांचं काम.

शेतकरी ते रोज करतो. पेरणी, कोळपणी, खुरपणी, काढणी ही सगळी धातूला ‘णी’ लागून झालेली नामं आहेत. ती जड वाटत नाहीत, कारण ऐकताक्षणी काम डोळ्यांसमोर येतं. ‘अंमलबजावणी’ म्हटल्यावर काय दिसतं? काहीच नाही.

गैरसमज: अशी नामं वापरली की लेखन नेमकं होतं.

विद्यार्थ्याचं वाक्य पुन्हा वाचा. काढणे, शिजवणे, उशीर होणे, घटणे, दिसणे या सगळ्या क्रियांची नामं झाली आणि ‘च्या’, ‘तील’, ‘मुळे’ यांनी ती एकमेकांना बांधली गेली. मराठीत मुख्य क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाचक हे ओझं डोक्यावर घेऊन टोकापर्यंत चालतो आणि तिथे त्याला मिळतं नुसतं ‘आले’. शिवाय उशीर कुणी केला? कुकर मिळाला नाही, मजूर आले नाहीत की पाऊस लागला? प्रकल्पाचा खरा प्रश्न तोच होता आणि तोच ‘विलंब’ या शब्दाआड गेला. (घरातल्या वाक्यातही त्याचं उत्तर नाही, पण तिथे आई लगेच ‘का रे?’ म्हणून विचारते. परीक्षक बहुधा विचारत नाही.)

लिहायला हवं होतं ते असं: ‘कुकरचा नंबर लागला नाही, म्हणून शेतकऱ्यांनी काढलेली हळद आठ दिवसांनी शिजवली. तिचा दर्जा उतरला.’ शब्द कमी झाले नाहीत, थोडे वाढलेच. कर्ता आणि कारण मात्र परत आले.

गैरसमज: मग भाववाचक नामं टाळावीत.

उलट, पुढचंच वाक्य बघा: ‘हा विलंब लहान शेतकऱ्यांना जास्त भोवला.’ इथे ‘विलंब’ चोख बसतो. आधीचं अख्खं वाक्य एका शब्दात गुंडाळून त्याने कर्त्याच्या जागी बसवलं आणि विचार पुढे सरकला. भाषातज्ज्ञ मायकल हॅलिडे यांनी विज्ञानाच्या भाषेत नामांचं हेच काम दाखवून दिलं. मोजमापालाही नाम लागतं: बी ‘उगवतं’, पण टक्के काढायचे ते ‘उगवणी’चे.

म्हणजे आधी क्रियापदाने घटना सांगायची, मग तिचं नाम करायचं. क्रम उलटा झाला, की वाचकाला गाठोडं मिळतं, पण आत काय बांधलंय ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. आपल्या लिखाणात हे पकडायचं असेल, तर एका वाक्यात दोन-तीन ‘च्या’ किंवा शेवटी ‘करण्यात आले’ दिसलं की थांबावं आणि त्यातल्या प्रत्येक नामाला ‘कोणी?’ असं विचारावं. ‘काढणी’ला उत्तर लगेच मिळतं.