ना आखूड, ना लांब

अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक चपटी कांब घेऊ. रुंदी ४० मिलिमीटर, जाडी २० मिलिमीटर, लांबी २६ सेंटिमीटर. दोन्ही टोके बिजागरीसारखी मोकळी फिरतील अशी बसवून ती दाबयंत्रात उभी केली आणि वरून भार वाढवत नेला, तर ती किती भाराला मान टाकेल? पुस्तकात या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे मिळतात. धातू जिथे चिरडायला लागतो तिथवरचा हिशेब केला, तर उत्तर येते २२ टन. बाजूला वाकून कोसळण्याचे ऑयलरचे प्रसिद्ध सूत्र लावले, तर २७.८ टन. दोन उत्तरे असली की सावध माणूस लहान आकडा धरतो आणि २२ टनांवर विसंबतो. प्रत्यक्षात ही कांब १९ टनांच्या आसपासच बाजूला वाकते. म्हणजे सावध माणूसही फसतो.

हीच कांब ६ सेंटिमीटरची असती, तर चिरडण्याचा हिशेब बरोबर ठरला असता. ५२ सेंटिमीटरची असती तर ऑयलर बरोबर ठरला असता. तेव्हा ती सुमारे ७ टनांनाच वाकली असती, आणि वेळीच भार काढला तर पुन्हा सरळही झाली असती. घोळ आहे तो मधल्या लांबीचा. या कांबेसाठी हा टापू ढोबळमानाने ६ ते ३६ सेंटिमीटर एवढा मोठा आहे, आणि यंत्रांतले, छपरांच्या कैच्यांतले, विमानांच्या सांगाड्यांतले बरेच दाबाखालचे भाग नेमके अशाच प्रमाणांचे असतात.

खांबाच्या बाबतीत नुसत्या लांबीला अर्थ नसतो, जाडीच्या मानाने लांबी किती हे पाहावे लागते. आयताकृती कांबेसाठी जाडीला ३.४६ ने भागायचे. आपल्या कांबेत ५.७७ मिलिमीटर येतात. त्याने २६० मिलिमीटर लांबीला भागले की ४५ हा आकडा मिळतो. अभियंते याला स्लेंडरनेस रेशो म्हणतात, आपण सडपातळपणा म्हणू. लिओनार्ड ऑयलरने १७४४ साली दाखवून दिले, की सडपातळ खांब कोसळतो तो धातू कमजोर म्हणून नव्हे, तर तो वाकण्याला पुरेसा विरोध करू शकत नाही म्हणून. त्याच्या सूत्रात धातू किती मजबूत आहे हे कुठे येतच नाही. येतो तो फक्त ताठरपणा, म्हणजे यंगचा गुणांक. आपल्या कांबेचा हा गुणांक ७०,००० धरू (एकक सगळीकडे दर चौरस मिलिमीटरला न्यूटन). ऑयलरच्या सूत्राने ४५ सडपातळपणासाठी ३४१ एवढा दाब येतो. पण हा धातू २७० च्या आसपासच कायमचा आखडू लागणारा आहे. सूत्र त्याला अशा दाबापर्यंत पोचवते, जिथे तो कधी पोचणारच नाही.

चूक सूत्राच्या तर्कात नाही. चूक आहे ती ताठरपणा शेवटपर्यंत ७०,००० च राहतो या गृहीतात.

खांब बाजूला कलतो त्या क्षणी काय घडते ते पाहू. भार आधीच अंगावर आहे. खांब केसभर वाकला की भाराची रेषा मधल्या भागापासून किंचित बाजूला सरकते आणि खांबाला आणखी वाकवू पाहते. विरोध कुठून येतो? वाकण्याने आतल्या बाजूचे तंतू थोडे जास्त दाबले जातात, आणि त्या जादा दाबण्याला धातू जो जादा दाब परत देतो, तोच विरोध. आतापर्यंत धातूने किती भार पेलला, हा प्रश्नच इथे येत नाही. आता आणखी थोडे आखडवले तर तो आणखी किती प्रतिकार करेल, एवढाच प्रश्न. दाब विरुद्ध आखडणे असा आलेख काढला, तर या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आलेखावर त्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा उतार. त्यालाच टँजंट मॉड्युलस म्हणतात. आलेख सरळ रेघ असेतोवर तो यंगच्या गुणांकाएवढाच असतो. रेघ वळू लागली की तो उतरतो, आणि उतरतो तो डोळ्याला जाणवणाऱ्या वळणापेक्षा फार झपाट्याने.

हे झपाट्याने म्हणजे किती, ते आकड्यांत बघण्यासारखे आहे. अशा धातूंचा आलेख रॅम्बर्ग आणि ऑसगुड यांनी १९४३ साली दिलेल्या सूत्राने चांगला मांडता येतो. आपल्या धातूसाठी त्यातला घातांक २० धरला आहे. दाब २३० झाला, तेव्हा कांबेचे कायमचे आखडणे निघते सुमारे ०.००८ टक्के. २६ सेंटिमीटरच्या कांबेत हे पाव मिलिमीटरचाही दहावा हिस्सा भरत नाही. आलेख कागदावर काढला तर रेघ अजून सरळच वाटेल. पण त्या बिंदूवरचा उतार ७०,००० वरून ४७,००० वर आलेला असतो. धातू अजून ‘गेलेला’ नाही, आणि त्याचा एक तृतीयांश ताठरपणा मात्र गेला आहे.

मग हिशेब कसा करायचा? ऑयलरच्या सूत्रात यंगच्या जागी टँजंट मॉड्युलस घालायचा. अडचण एवढीच, की तो मॉड्युलस दाबावर अवलंबून आणि दाबच तर शोधायचा आहे. म्हणून अंदाजाने चालायचे. दाब २२० धरला, तर टँजंट मॉड्युलस ५७,८०० च्या आसपास येतो, आणि तेवढ्या ताठरपणाची कांब २८१ पर्यंत सरळ राहू शकते. म्हणजे अजून धोका नाही. २४० धरला, तर मॉड्युलस ३३,२०० वर कोसळतो आणि कांबेची ऐपत १६२ वर येते. म्हणजे हद्द केव्हाच ओलांडली. २३० ला ऐपत निघते २२८. दोन्ही आकडे जुळले. २३० ला क्षेत्रफळाने, म्हणजे ८०० चौरस मिलिमीटरने गुणले की १८४ किलोन्यूटन, सुमारे १८.८ टन. सुरुवातीचा ‘१९ टनांच्या आसपास’ हा आकडा इथून येतो.

ही युक्ती फ्रीडरिख एंगेसर या जर्मन अभियंत्याने १८८९ साली मांडली. वाटते त्यापेक्षा तिचे आयुष्य खडतर निघाले. पीटर्सबर्गचे अभियंते फेलिक्स यासिन्स्की यांनी तिच्यात एक खोट दाखवली. खांब वाकतो तेव्हा आतली बाजू जास्त दाबली जाते हे खरे, पण बाहेरची बाजू तर सैलावते. आणि एकदा आखडलेला धातू सैल सोडला, की तो आलेखाच्या वळलेल्या वाटेने मागे जात नाही. तो मूळच्या पूर्ण ताठरपणानेच उलगडतो. मग अर्ध्या खांबात टँजंट मॉड्युलस आणि अर्ध्यात यंगचा गुणांक असे दोन्ही धरायला हवेत. एंगेसरने हे मान्य केले आणि सिद्धांत दुरुस्त केला. पुढे थिओडोर फॉन कारमान यांनी ग्यॉटिंगेनमध्ये काळजीपूर्वक प्रयोग करून १९१० च्या सुमारास या दुहेरी मॉड्युलसला भक्कम पाया दिला. आपल्या कांबेला तो लावला तर दाब २३८ येतो, म्हणजे भार १९.४ टन. फरक तीन-चार टक्क्यांचा, पण तर्क इतका बिनतोड की जवळजवळ चाळीस वर्षे हाच सिद्धांत बरोबर मानला गेला.

तरी प्रयोगशाळांतले खांब ऐकत नव्हते. विशेषतः विमानांसाठीच्या अॅल्युमिनियमच्या कांबा पुनःपुन्हा एंगेसरच्या जुन्या, ‘चुकीच्या’ आकड्याजवळच वाकत. कांबा पुरेशा सरळ नसतील, भार मधोमध नसेल, असे म्हणून वेळ मारून नेली जात होती. १९४६-४७ साली अमेरिकेतल्या लॉकहीड विमान कंपनीतले अभियंते एफ. आर. शॅनली यांनी या बिनतोड तर्कातली फट दाखवली. यासिन्स्की आणि कारमान यांच्या मांडणीत एक गोष्ट न बोलता धरलेली होती: खांब वाकतो तेव्हा त्याच्यावरचा भार स्थिर असतो. तसे का असावे? दाबयंत्र भार वाढवतच असते. वाकणे आणि भार वाढणे एकाच वेळी चालले, तर बाहेरच्या बाजूला वाकण्याने जेवढा दाब कमी व्हायला हवा, तेवढा वाढत्या भाराने भरून निघतो. त्या बाजूला सैलावणे सुरूच होत नाही. सगळा छेद टँजंट मॉड्युलसनेच वागतो आणि वाकणे जुन्या, लहान भारालाच सुरू होते.

मला या वादातला सर्वांत सुंदर भाग हा वाटतो, की दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या ठरल्या. टँजंट मॉड्युलसच्या भाराला खांब वाकू लागतो, पण लगेच कोसळत नाही. तो थोडा आणखी भार घेत वाकत जातो, बाहेरची बाजू हळूहळू सैलावू लागते, आणि कमाल भार टँजंट आणि दुहेरी मॉड्युलस यांच्या मध्ये कुठेतरी येतो. आपल्या कांबेत ती जागा १८.८ आणि १९.४ टनांच्या मधली. शॅनली यांच्या लेखावरच्या चर्चेत स्वतः कारमान यांनी हे म्हणणे उचलून धरले. प्रयोगात हे ओळखताही येते. कांबेच्या दोन्ही अंगांना विकृतिमापके चिकटवली, तर वाकणे सुरू होताच दोन्ही आकडे वेगळे होतात, तरी दोन्ही वाढतच राहतात. बाहेरच्या अंगाचा आकडा मागे फिरतो तो नंतर.

बांधकामातल्या पोलादाला हे सगळे लागू पडते का, अशी शंका रास्त आहे. पोलादाचा आलेख शेवटपर्यंत सरळ आणि मग एकदम आडवा होतो, वळण असे नसतेच. पण ते झाले कापून घेतलेल्या लहान नमुन्याचे. गरम लाटून काढलेला आय आकाराचा गर्डर थंड होताना त्याच्या फ्लँजच्या कडा आधी निवतात, पोट मागून. पोट आकसताना कडांना दाबून ठेवते. त्यामुळे भार यायच्या आधीच कडांमध्ये धातूच्या क्षमतेच्या सुमारे तीस टक्के एवढा दाब कोंडलेला असू शकतो. वरून भार आला की कडा आधी हार मानतात, आणि अख्ख्या गर्डरचा सरासरी आलेख अॅल्युमिनियमसारखा वळतो.

इथे मात्र एकच टँजंट मॉड्युलस पुरत नाही. फ्लँजच्या रुंदीचा वीस टक्के भाग कडांकडून निकामी झाला असे धरा. गर्डर त्याच्या मजबूत दिशेने वाकत असेल, तर फ्लँजचा ताठरपणा ऐंशी टक्के उरतो. कमकुवत, म्हणजे फ्लँजच्या रुंदीच्या दिशेने वाकत असेल, तर ताठरपणा रुंदीच्या घनावर अवलंबून असल्याने जेमतेम ५१ टक्के. गर्डर तोच, कोंडलेला दाब तोच, पण एका दिशेने नुकसान दुसरीपेक्षा कितीतरी जास्त. त्यात खऱ्या खांबाला थोडा बाक जन्मजात असतोच, आणि टँजंट मॉड्युलसचा हिशेब तर पूर्ण सरळ खांबासाठी आहे. म्हणून आपल्याकडची आयएस ८०० ही पोलादी बांधकामाची संहिता २००७ च्या आवृत्तीत एंगेसरचे सूत्र थेट वापरत नाही. जन्मजात बाक आणि कोंडलेला दाब मिळून धरणारे चार वक्र देते. अभिकल्पक ज्या तक्त्यातून वक्र निवडतो, त्यात रुंदीपेक्षा बरीच जास्त उंची असलेल्या लाटीव आय गर्डरसाठी, फ्लँज ४० मिलिमीटरपर्यंत जाड असेल तर, मजबूत अक्षापुढे ‘ए’ लिहिलेले असते आणि कमकुवत अक्षापुढे एक पायरी खालचा ‘बी’.